‘शंभर टक्के लोकर’ म्हणून विकलेली शाल: एका वर्णनाची तपासणी

पार्ल्यातल्या एक ताई घरातूनच शाली आणि स्वेटर ऑनलाइन विकतात. मुंबईत थंडी अशी कितीशी पडते, पण गिऱ्हाईक बारमाही असतं. कुणी मे महिन्यात हिमाचलला निघालेलं असतं, कुणाची मुलगी परदेशी शिकायला जाणार असते, कुणाच्या घरी सत्काराला शाल हवी असते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एसीत अंगावर काहीतरी लागतंच. ताईंनी गेल्या हंगामात लुधियानाच्या एका व्यापाऱ्याकडून साठ शालींचा लॉट घेतला. त्यातल्या तेवीस विकल्या गेल्या आणि एकाच आठवड्यात दोन तक्रारी आल्या.

पहिली मुलुंडहून. वडिलांच्या पंचाहत्तरीला घेतलेली शाल त्यांच्या मानेला टोचत होती, अर्ध्या तासात मान लाल झाली आणि शाल कपाटात गेली. दुसरी डोंबिवलीहून. त्या बाईंनी शाल वॉशिंग मशीनमध्ये टाकली आणि ती लांबीला वीतभर आखडून, लाटा उठलेल्या कापडासारखी होऊन बाहेर आली. दोघांनीही तक्रारीसोबत ताईंच्याच वर्णनाचा फोटो पाठवला होता. वर्णन असं होतं: ‘१००% प्युअर वूल शाल, पश्मिना टच, एकदम सॉफ्ट, अजिबात टोचत नाही, मशीन वॉशेबल.’

मी कापड तपासणीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून ताईंनी मला बोलावलं. त्यांनी खोटं बोलायचं म्हणून हे लिहिलं नव्हतं. व्यापाऱ्याने पाठवलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला होता, आणि त्याच्या जोडीला एक व्हिडिओ होता. त्यात तो शालीच्या दशांमधला एक धागा कापून पेटवतो. ज्योत काढली की धागा विझतो, मागे काळी राख राहते आणि ती बोटाने चुरडली की पूड होते. ताईंनी हा प्रयोग घरीही करून पाहिला होता. केस जळल्याचा वास आला, राख चुरली गेली. “मग लोकर नाही तर काय आहे हे?” असं त्या विचारत होत्या, आणि प्रश्न रास्त होता.

त्या धाग्यापुरतं त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखंच. ती जळते कष्टाने, विझते पटकन आणि वास केसांचा येतो. ॲक्रिलिक मात्र भरभर पेटतं, वितळतं, धूर काळा येतो आणि थंड झाल्यावर कडक, वेडावाकडा गोळा उरतो, तो बोटाने चुरत नाही. म्हणजे त्या दशा लोकरीच्याच होत्या. पण दशा म्हणजे शाल नव्हे. मागावर जे उभे धागे ताणलेले असतात, त्यांचीच टोकं विणून झाल्यावर दोन्ही काठांना मोकळी राहतात, त्यांना पीळ देऊन दशा करतात. आडवा धागा दशांमध्ये येतच नाही. तेव्हा दशा जाळून उभ्या धाग्यांची, म्हणजे ताण्याची परीक्षा होते, आडव्यांची, म्हणजे बाण्याची होत नाही. शाली तपासताना मला ही गफलत सारखी दिसते, आणि जाळून दाखवणारा माणूस नेहमी दशाच का निवडतो, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. कापड खराब होत नाही म्हणून निवडत असेलही, पण पाहणाऱ्याला अर्धंच कळतं.

जळण्याच्या वासाची आणखी एक मर्यादा ताईंना सांगितली. एकाच धाग्यात लोकर आणि ॲक्रिलिक मिसळून कातलेलं असेल, तर लोकर बरीच कमी असली तरी केसांचाच वास आधी नाकात भरतो. वासावरून लोकर आहे एवढं कळतं, लोकरच आहे हे कळत नाही.

मग डोंबिवलीहून परत आलेली आखडलेली शाल टेबलावर पसरली आणि टेपने मोजली. मूळ आकार दोन मीटर बाय एक मीटर. धुतल्यावर लांबी १७४ सेंटिमीटर भरली, रुंदी मात्र ९८. हे आकडेच सगळं सांगत होते. शाल पूर्ण लोकरीची असती तर मशीनच्या घुसळणीत ती दोन्ही बाजूंनी आटली असती. इथे लांबी २६ सेंटिमीटरने गेली आणि रुंदी जेमतेम दोनने. म्हणजे लांबीच्या दिशेने जाणारा उभा धागा आटणारा होता आणि आडवा धागा न आटणारा. उभे धागे आखडले, आडव्या धाग्यांना जवळ सरकावं लागलं, जागा पुरली नाही आणि कापडावर लाटा उठल्या. बाण्यात लोकर नाही असा संशय मला इथेच पक्का झाला.

लॉटमध्ये एक शाल विणीत दोष असलेली होती, विकण्याजोगी नव्हती. तिच्यातून दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापला. सोन्याचांदीचं वजन करतात तसला छोटा काटा ताईंनी आणून ठेवला होता, तो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. चौकोनाचं वजन १.५२ ग्रॅम भरलं. मग चिमट्याने एकेक धागा ओढून उभे वेगळे आणि आडवे वेगळे केले. कंटाळवाणं काम आहे, पण तेवढ्यातच फरक डोळ्यांना दिसायला लागतो: उभा धागा बारीक, दोन पदरी, घट्ट पिळाचा, आडवा एकपदरी, फुगीर, सैल पिळाचा. शाल हाताला मऊ लागत होती ती या आडव्या धाग्यामुळे, कारण पृष्ठभागावर तोच जास्त येतो. वजन केलं तर उभे धागे ०.७० ग्रॅम आणि आडवे ०.८२.

पुढची परीक्षा ब्लीचची. घरगुती ब्लीचच्या बाटलीवर घटकांमध्ये सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं असलं पाहिजे, ‘ऑक्सिजन’ किंवा ‘कलर सेफ’ प्रकारचं ब्लीच इथे उपयोगाचं नाही. बाटलीही ताजी हवी, कारण हे द्रावण उष्म्याने हळूहळू निकामी होतं आणि मुंबईत ते लवकर होतं. दोन काचेच्या वाट्यांत ब्लीच घेतलं, एकीत उभे धागे, दुसरीत आडवे. खिडकी उघडी, हातात मोजे, आणि ताईंना एक गोष्ट बजावून सांगितली: यात संडास साफ करायचं ॲसिड किंवा व्हिनेगर चुकूनही पडता कामा नये, क्लोरीन वायू सुटतो.

उभ्या धाग्यांच्या वाटीत थोड्या वेळात बारीक बुडबुडे दिसू लागले, धागे पिवळट आणि बुळबुळीत झाले, आणि दुपारपर्यंत वाटीत धागा म्हणून काही उरलं नाही. लोकर अशीच विरघळते. दुसऱ्या वाटीत आडवे धागे होते तसेच. धुऊन, वाळवून पुन्हा काट्यावर ठेवले तर वजनात फरक नाही. त्यातला एक पेटवला तर तो भरभर जळला, काळा धूर आला आणि कडक गोळा उरला. ॲक्रिलिक. काठाला मरून रंगाचा पट्टा होता, त्याचा आडवा धागा वेगळा असू शकतो म्हणून तोही वेगळा पाहिला, तोही तसलाच निघाला.

म्हणजे १.५२ पैकी ०.७० ग्रॅम लोकर, साधारण ४६ टक्के. पण हा आकडा मी ताईंना वर्णनात लिहू दिला नाही. लोकर हवेतला ओलावा पुष्कळ शोषते, तिच्या वजनाचा सहावा-सातवा हिस्सा पाणीच असू शकतं. ॲक्रिलिक जवळजवळ काहीच शोषत नाही. पार्ल्याच्या दमट हवेत काट्यावर ठेवलेली लोकर स्वतःसोबत पाणीही तोलते, कोरड्या दिवशी आकडा बदलतो. प्रयोगशाळेत म्हणूनच दोन्ही तंतू आधी पूर्ण सुकवून तोलतात आणि मग प्रत्येकाला ठरलेला ओलावा हिशोबात धरतात. घरच्या परीक्षेने ‘शंभर टक्के’ खोडून काढता येतं, टक्के ठरवायला प्रयोगशाळाच लागते. मुंबईत ही सोय लांब नाही: ठाण्याला कोलशेत रस्त्यावर वूल रिसर्च असोसिएशन आहे, घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटी. ताईंनी तुकडा तपासणीला दिला. अहवाल आला: लोकर ४४, ॲक्रिलिक ५६ टक्के.

दरम्यान मी ताईंकडून व्यापाऱ्याचं जीएसटी बिल मागून घेतलं होतं. त्यावर माल म्हणून ‘वूलन शाल’ एवढंच होतं, पण पुढे मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड आठ आकडी दिलेला होता, 62143000. विणकाम मागावर झालेल्या शाली आणि स्कार्फ 6214 या गटात येतात. पुढचे आकडे तंतू सांगतात: 621420 म्हणजे लोकर किंवा तलम प्राणिज केस, 621430 म्हणजे ॲक्रिलिकसारखे सिंथेटिक तंतू. मिश्र कापड वजनाने जो तंतू जास्त त्याच्या गटात जातं. व्यापाऱ्याने कर भरताना शाल सिंथेटिक तंतूंची म्हणून नोंदवली होती आणि मेसेजमध्ये शंभर टक्के लोकर लिहून पाठवली होती. मला या प्रकरणातली सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते. बिल करणाऱ्याला माल काय आहे हे ठाऊक होतं.

सुयांवर किंवा यंत्रावर विणलेल्या स्वेटरना हेच लागू आहे, तिथे गट 6110 असतो, 611011 लोकर आणि 611030 मानवनिर्मित तंतू. मात्र बरेच लहान व्यापारी कोडचे पहिले चारच आकडे लिहितात, आणि 6214 एवढ्यावरून तंतू कळत नाही. अशा वेळी तंतूंचे टक्के बिलावरच लिहून मागायचे. ‘कॅशमिलॉन’ असं उत्तर आलं तर ते ॲक्रिलिकच, कॅशमिअरशी त्याचा काही संबंध नाही.

आता टोचण्याचा मुद्दा. ताई म्हणाल्या, “मी स्वतः हात फिरवून पाहिली, एवढी मऊ आहे!” हात फिरवणं हीच इथली अडचण आहे. लोकर टोचते ती तंतूच्या जाडीमुळे. बारीक तंतूचं टोक त्वचेला लागलं की वाकतं. जाड तंतूचं टोक वाकत नाही, ते त्वचेवर दाबून बसतं आणि त्याखालची वेदना जाणणारी मज्जातंतूंची टोकं जागी होतात. ही सीमा साधारण ३० मायक्रॉनच्या आसपास धरतात, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कापडातल्या अंदाजे पाच टक्क्यांहून जास्त तंतू ३० मायक्रॉनपेक्षा जाड असतील, तर बऱ्याच लोकांना ते कापड टोचतं. आणि तळहात, बोटं यांची कातडी जाड असते, तिथे ही टोचणी जाणवतच नाही. दुकानात शाल चुरगाळून “काय मऊ आहे” म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो, पण शाल तळहातावर पांघरायची नसते. मान, गळा किंवा कोपराच्या आतली बाजू, इथे कापड दाबून दोन मिनिटं धरायचं, तेव्हा कळतं. घाम आलेल्या, ओलसर त्वचेला टोचणी अधिक जाणवते, त्यामुळे मुंबईतल्या माणसाने संध्याकाळी, अंगाला जरा घाम असताना पाहिलेलं बरं.

अहवालात लोकरीच्या तंतूची सरासरी जाडी २५ मायक्रॉन होती. ३० च्या बरीच खाली आहे की, असं ताईंना वाटलं. पण सरासरी इथे फसवते. एकाच मेंढीच्या अंगावरचे तंतूसुद्धा सारख्या जाडीचे नसतात. सरासरी २५ असलेल्या या लोकरीत ३० च्या वरचे तंतू १७ टक्के निघाले, जवळपास सहातला एक. मुलुंडच्या आजोबांची मान का लाल झाली याचं उत्तर या आकड्यात आहे. तलम मेरिनो लोकर १९–२० मायक्रॉनच्या आसपास असते, तिथे जाड तंतू अगदीच थोडे राहतात, म्हणून ती अंगाला सहन होते.

आजोबांना लोकरीची ॲलर्जी आहे का, असं घरच्यांनी विचारलं होतं. लोकरीच्या तंतूचीच खरी ॲलर्जी क्वचित दिसते, बहुतेकदा जाड तंतूंची ही यांत्रिक टोचणीच असते, आणि एक्झिमा किंवा कोरडी त्वचा असेल तर ती फार वाढते. सदऱ्याच्या कॉलरवरून शाल घेतली की त्रास जातो, तर तो जाडीचाच. दोन दिवसांनी मुलुंडहून कळलं की कॉलरवरून घेतल्यावर आजोबांना काही होत नाही.

‘पश्मिना टच’बद्दल मात्र मी काहीच तडजोड केली नाही. पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांगमधल्या शेळ्यांच्या आतल्या मऊ केसांची लोकर, जाडी १२ ते १५ मायक्रॉनच्या आसपास. ‘काश्मीर पश्मिना’ला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यासाठी तंतू १६ मायक्रॉनपर्यंतचाच, सूत हाताने कातलेलं आणि कापड हातमागाचं लागतं. ताईंच्या शालीतला मऊपणा ॲक्रिलिकचा होता. “सगळेच लिहितात, निदान शोधात सापडावी म्हणून टॅगमध्ये तरी ठेवू का?” असं त्यांनी विचारलं. टॅग लिहिणं म्हणजेही वर्णनच. पश्मिना शोधणाऱ्या माणसासमोर ही शाल ठेवली तर तो एकतर फसेल किंवा परत पाठवेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मालाचं खोटं वर्णन करणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारीच मानतो, आणि घरातून विकणारी व्यक्तीही त्यातून सुटत नाही. आणखी एक सांगायला हवं: ब्लीच किंवा जाळून पाहणं, या दोन्हींनी मेंढी आणि शेळी यांतला फरक कळत नाही, दोन्ही सारखीच विरघळतात आणि सारखाच वास देतात. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तंतूवरचे खवले पाहावे लागतात.

खवल्यांवरूनच धुण्याकडे यायला हवं. लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगासारखे खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेने झुकलेले. ओल, ऊब आणि घुसळण तिन्ही एकत्र आली की तंतू एकाच दिशेने सरकतात, एकमेकांत अडकतात आणि मागे फिरत नाहीत. कापड आटतं, घट्ट होतं आणि पुन्हा सैल करता येत नाही. मशीनमध्ये धुता येणारी लोकरही मिळते, पण तिचे खवले आधी रसायनाने बोथट करून त्यावर पातळ लेप दिलेला असतो. तशी प्रक्रिया केलेली आहे असं पुरवठादार लिहून देत नाही, तोवर ‘मशीन वॉशेबल’ लिहायचं नाही. डोंबिवलीच्या बाईंनी ‘जेंटल’वर लावलं होतं, तरी व्हायचं ते झालंच.

पावडरचंही तसंच. नेहमीची कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते आणि अनेकींत डाग खाणारी एन्झाइम्स असतात. त्यांतली प्रोटीज प्रथिनांच्या डागांवर काम करते, आणि लोकर स्वतःच प्रथिन आहे. एका धुण्यात काही दिसत नाही, पण कापड झिजत जातं. ताईंच्या शालीत दुसरी बाजूही सांभाळायची होती, कारण ॲक्रिलिकला घुसळण चालते पण उष्णता चालत नाही. गरम इस्त्रीने किंवा वाफेने ते सैल पडतं आणि तसंच राहतं. एकाच कापडात लोकर म्हणते घुसळू नका आणि ॲक्रिलिक म्हणतं तापवू नका, तेव्हा सूचना दोघांपैकी जो नाजूक त्याला धरून लिहायची. वाळवण्याच्या सूचनेवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. पुस्तकात ‘सपाट पसरून वाळवा’ एवढंच असतं. मुंबईच्या दोन खोल्यांत दोन मीटरची शाल सपाट पसरायची कुठे? पलंगावर जुनी चादर घालून, पंखा लावून, हे लिहिल्याशिवाय ती सूचना कुणी पाळणार नाही.

शेवटी वर्णन असं झालं:

‘लोकर-ॲक्रिलिक मिश्र शाल. लोकर ४४%, ॲक्रिलिक ५६%, वजनानुसार, या लॉटमधल्या एका शालीच्या प्रयोगशाळा तपासणीप्रमाणे. उभे धागे व दशा लोकरीच्या, आडवे धागे ॲक्रिलिकचे. यात पश्मिना नाही. आकार १ × २ मीटर, वजन सुमारे ३०० ग्रॅम.

हाताला मऊ लागते, पण लोकर मध्यम जाडीची आहे. उघड्या मानेला किंवा गळ्याला काहींना टोचेल. कॉलरच्या किंवा कुर्त्याच्या वरून घ्यायला चांगली. त्वचा नाजूक असेल, एक्झिमा असेल किंवा लहान मुलासाठी हवी असेल तर ही घेऊ नका.

फक्त हाताने धुवा. मशीनमध्ये, ‘जेंटल’वरही, लांबी आटते आणि पूर्ववत होत नाही. बादलीत साधं नळाचं पाणी, लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं सौम्य लिक्विड, पाच-दहा मिनिटं बुडवून हलकं दाबा. चोळू नका, पिळू नका, ब्लीच नको. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा. पलंगावर चादर पसरून तिच्यावर सपाट, पंख्याखाली वाळवा. दोरीवर एका टोकाने लटकवू नका. इस्त्री अगदी मंद, मध्ये सुती कापड घालून. वापरात थोडे गोळे येतील. पावसाळ्याआधी धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा, लोकरीच्या भागाला कसर लागू शकते.’

ताईंना ‘टोचेल’ आणि ‘घेऊ नका’ हे शब्द फार जड वाटले. ‘संवेदनशील त्वचेसाठी काळजी घ्यावी’ असं लिहू या, म्हणाल्या. मी नको म्हटलं, कारण त्या वाक्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. शाल कुठे टोचेल, कुणाला टोचेल आणि कशी घेतली तर टोचणार नाही, एवढं त्याला हवं असतं. फोटोही बदलले. आधीच्या फोटोत उघड्या गळ्याभोवती शाल गुंडाळलेली मुलगी होती, नव्या फोटोत कुर्त्यावरून घेतलेली आहे, आणि दशांचा आणि विणीचा एकेक जवळून काढलेला फोटो आहे, ज्यात दोन धाग्यांमधला फरक दिसतो. किंमत १,६५० वरून १,१५० झाली.

आधीच्या तेवीस गिऱ्हाइकांना ताईंनी मेसेज पाठवला: वर्णनात शंभर टक्के लोकर लिहिलं होतं, तपासणीत ४४ टक्के निघाली, शाल परत करून पूर्ण पैसे घ्या किंवा ठेवून पाचशे रुपये परत घ्या. नऊ जणांनी परत केली, बाकीच्यांनी ठेवली. डोंबिवलीच्या बाईंची शाल वापरण्याजोगी उरली नव्हती, त्यांना सगळे पैसे दिले. व्यापाऱ्याने आधी “लोकर तर आहेच ना त्यात” असं सुनावलं, पण बिलावरचा कोड आणि अहवाल दाखवल्यावर आखडलेल्या आणि परत आलेल्या शालींचे पैसे पुढच्या बिलातून वळते केले.

पुढचा लॉट याच व्यापाऱ्याकडून आला, दिसायला हुबेहूब तसाच. ताईंनी आता बिलावर टक्के लिहून घेतले होते: ४५ लोकर, ५५ ॲक्रिलिक. तरी त्यांनी एक शाल बाजूला काढून ब्लीचच्या दोन वाट्या मांडल्या. या खेपेला उभा धागा पूर्ण विरघळला नाही, वाटीत केसासारखं बारीक काहीतरी उरलं, आणि आडव्या धाग्याचं वजन घटलं. म्हणजे आता दोन्ही धाग्यांत मिश्रण होतं. एकूण टक्के बिलाशी जुळतही असतील, पण ‘उभे धागे व दशा लोकरीच्या’ हे वाक्य या लॉटला खोटं ठरणार होतं, आणि मशीनमध्ये टाकली तर ती कुठल्या दिशेने किती आटेल हेही पहिल्या लॉटवरून सांगता येत नव्हतं. ताईंनी जुन्या वर्णनात हा माल घातला नाही. तुकडा तपासणीला गेला आहे, आणि अहवाल येईपर्यंत या लॉटच्या शाली खोक्यातच ठेवायच्या असं त्यांनी ठरवलं आहे.